हयातीचा दाखला आणि माझे प्रपोजल

माणसाने आयुष्यात एकदा तरी साहेबांना लेखी सूचना करावी, असे मला फार दिवस वाटत होते. तोंडी सूचना मी रोज करतो. त्या साहेब केबिनमध्ये नसताना करतो, एवढेच. पण लेखी सूचना म्हणजे वेगळी गोष्ट. तिला आमच्या बँकेत 'नोट पुट-अप करणे' म्हणतात. वीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो नोटा मोजल्या, पुट-अप एकही केली नव्हती. ती वेळ आली 2023 सालच्या नोव्हेंबरात, आणि आणली पेन्शनरांनी.

आमची शाखा पुण्यात, पेठेत. म्हणजे निम्मी खाती पेन्शनची. दर नोव्हेंबरात या मंडळींना आपण जिवंत असल्याचे बँकेला कळवावे लागते. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तो दिला नाही तर डिसेंबरची पेन्शन थांबते. यासाठी 2014 पासून 'जीवन प्रमाण' नावाची सोय आहे. आधार क्रमांक द्यायचा, यंत्रावर बोट टेकवायचे, की दाखला परस्पर पोहोचतो. 2021 पासून तर मोबाईलसमोर नुसता चेहरा धरला तरी चालतो. घरबसल्या, अगदी कॉटवर पडल्या पडल्यासुद्धा आपण जिवंत असल्याचे सिद्ध करता येते.

पण पेठेतला पेन्शनर घरबसल्या काही करत नाही. नोव्हेंबरचे तीस दिवस मोकळे असताना तो पहिल्याच दिवशी, शाखा उघडण्याच्या अर्धा तास आधी, पायरीवर हजर असतो. "उगाच उशीर नको" हे एक कारण. दुसरे असे की, वर्षात एकदा सगळे जुने सहकारी एका जागी भेटतात आणि कोण आले नाही हेही कळते. दाखला बँकेपेक्षा ते एकमेकांनाच देत असतात म्हणा ना!

1 नोव्हेंबर 2023 ला बुधवार होता. दाखल्याच्या काउंटरवर मी एकटा. रांग दारातून बाहेर, पायऱ्यांवरून खाली, थेट शेजारच्या दुग्धालयापर्यंत गेलेली. दुग्धालयवाल्याला वाटले, सणाचे गिऱ्हाईक लवकर आले. दुपारी दीडपर्यंत माझ्या नावाचा उद्धार तीन पिढ्यांनी केला होता. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर रांगेत उभ्या उभ्या आमच्या सूचनाफलकावरच्या शुद्धलेखनाच्या सात चुका काढून त्या पेनने दुरुस्त केल्या.

त्या रात्री मी जेवण होताच लिहायला बसलो. आमची सौ. म्हणाली, "काय, राजीनामा?"

"नाही. प्रपोजल."

"या वयात?" असे म्हणून ती झोपायला गेली.

मी अकरा पाने लिहिली. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे 'व्यवस्थापनाची मूलतत्त्वे' हा विषय मी चाळीस मार्कांनी पास झालो होतो. ते चाळीसच्या चाळीस मार्क मी त्या अकरा पानांत ओतले. सारांश एवढाच होता की, दाखल्यासाठी दुसरे काउंटर उघडावे आणि एक माणूस वाढवून द्यावा.

साहेबांची कागद वाचण्याची पद्धत खालून वर जाण्याची आहे. आधी सही कोणाची, मग खर्च किती आणि वेळ उरला तर विषय कोणता. अकरावे पान वाचून त्यांनी चष्मा काढला.

"माणूस वाढवून द्या, हे तर मीही हेड ऑफिसला दरसाल लिहितो. तुम्ही पेन्शनरांचा त्रास लिहिलाय तीन पानं. त्रास किती?"

"खूप आहे साहेब."

"खूप म्हणजे किती? कॅश टॅली करताना 'खूप' असं लिहिता का?"

वीस वर्षे काउंटरवर काढलेल्या माणसाला यापेक्षा मोठा अपमान नाही. दुसऱ्या दिवसापासून मी मोजायला सुरुवात केली. एका रद्दी व्हाउचरच्या पाठीवर, माणूस काउंटरवर आला की एक रेघ. चार उभ्या आणि पाचवी आडवी, गवळी भिंतीवर दुधाचा हिशेब ठेवतो तशी. काम न होता माणूस परत गेला, तर रेघेपुढे कारण. पाच कामाचे दिवस मी हे केले.

मंगळवारी संध्याकाळी बेरीज मारली आणि चक्रावलो. एकूण 260 रेघा. त्यांतल्या 91 जणांचे काम झालेच नव्हते. म्हणजे शंभरातले पस्तीस लोक उगाच येऊन गेले होते! आणि गेले म्हणजे कुठे गेले? घरी जाऊन, राहिलेली वस्तू घेऊन, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रांगेत. मी ज्या रांगेला घाबरत होतो, तिच्यातला मोठा भाग आदल्या दिवशी मीच परत पाठवलेल्या लोकांचा होता. 'नाही' म्हणायलासुद्धा मला सरासरी चार मिनिटे लागत होती, कारण पेठेत 'नाही' हे एका वाक्यात ऐकून घेण्याची प्रथा नाही. 91 गुणिले 4, म्हणजे 364 मिनिटे. पाच दिवसांत सहा तास मी फक्त नकार देत होतो.

कारणे चारच निघाली. 34 जणांकडे पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा नंबर, नव्हता. 28 जणांचा मोबाईल घरी, चार्जिंगला. आणि त्यावर येणारा ओटीपी आल्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही. 12 जण कामगार पेन्शनवाले, म्हणजे ईपीएस 95 चे. त्यांचा दाखला ज्या दिवशी दिला त्या दिवसापासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचा त्यांच्याशी काही संबंध नाही. ज्याने फेब्रुवारीत दिला, त्याने पुढल्या फेब्रुवारीत यायचे. पण शेजारचे नाना निघाले म्हणून हेही निघाले.

आणि 17 जणांची बोटे यंत्राने ओळखली नव्हती. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, बोटावरच्या रेषा झिजतात. त्यांना मी "उद्या सकाळी हात स्वच्छ धुऊन या" असे सांगून पाठवले होते. 'कारण' या सदरात मी 'यंत्र' असे लिहिले होते.

हा कागद मी खणात ठेवला. नोव्हेंबर संपला, रांग ओसरली आणि रांगेबरोबर माझा उत्साहही ओसरला. बँकेतल्या सुधारणांचे हे असेच असते. त्रास असतो तेव्हा वेळ नसतो आणि वेळ असतो तेव्हा त्रास आठवत नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक आजी आल्या. नऊवारी, हातात कापडी पिशवी. नवऱ्यामागे मिळणारी कुटुंबपेन्शन, त्यावर एकटीचे घर. पासबुक माझ्यापुढे धरून त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "बाळ, या महिन्यात पैसे आले नाहीत रे. वाण्याला तोंड चुकवून आले बघ."

मी खाते उघडून पाहिले. दाखला नव्हता, म्हणून डिसेंबरची पेन्शन थांबली होती.

"आजी, तुम्ही नोव्हेंबरात आला नाहीत?"

"तीनदा आले की. तूच होतास. म्हणालास, हात धुऊन या. जन्मभर भांडीच घासली रे, अजून किती धुऊ?" मग जराशा थांबून त्या म्हणाल्या, "मी जिवंत आहे हे तुम्हाला पटायला आणखी काय आणू, ते एकदा कागदावर लिहून दे. मी आणते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते, रागावलेल्या गिऱ्हाइकाची मला सवय आहे. मी खण उघडला. त्या 17 रेघांतल्या तीन या आजींच्या होत्या. आणि यंत्राने बोट ओळखले नाही तर साधा छापील फॉर्म भरून, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा घेऊन दाखला देता येतो, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. फॉर्म कपाटात होते. कपाट साहेबांच्या केबिनमागे होते. रांग सोडून उठायचा मला कंटाळा आला होता, एवढेच. 'यंत्र' हा शब्द मी खोडला आणि तिथे स्वतःचे नाव लिहिले. मग उठलो आणि फॉर्म आणला. आजींना सही केलेली पोच दिली. थांबलेले पैसे पुढच्या महिन्यात मागील बाकीसह जमा झाले. पण वाण्याला तोंड चुकवण्याचे दिवस काही मागील बाकीत धरता येत नाहीत.

ऑगस्ट 2024 मध्ये मी दुसरे प्रपोजल लिहिले. एक पान, चार परिच्छेद.

पहिला परिच्छेद त्रासाचा. त्यात 'खूप' हा शब्द नव्हता. 260 आले, 91 परत गेले, चार कारणे आणि त्यांचे आकडे. नकार देण्यात गेलेले सहा तास. आणि शेवटी, एक पेन्शन थांबली.

दुसरा परिच्छेद उपायाचा. इथे मला सौ.ने वाचवले. माझी कल्पना अशी होती की, दारातच एक खुर्ची टाकावी आणि रांगेत उभे राहण्याआधी माणसाचे कागद तपासावेत. ती म्हणाली, "म्हणजे म्हातारा माणूस रिक्षा करून येणार आणि तुम्ही त्याला दोन तासांऐवजी दोन मिनिटांत परत पाठवणार. त्याचे रिक्षाचे पैसे गेलेच ना?" मुद्दा बिनतोड होता. दारातली तपासणी माझा वेळ वाचवत होती, त्यांची फेरी नव्हे. त्यांना घरातून निघण्यापूर्वीच गाठायला हवे होते.

पण गाठायचे कसे? पत्र पाठवावे तर टपालखर्च, मेसेज पाठवावा तर तो चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर जाणार. तेव्हा मला आठवले की, हेच लोक दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक भरायला येतातच. पासबुकाचे यंत्र आपले आपण चालवायचे असते. पण मंडळी पासबुक उलटे घालतात, म्हणून आमचा दप्तरी तिथे कायम उभा असतो. त्याने पासबुक परत देताना त्यात एक चिठ्ठी ठेवायची. 'पुढच्या महिन्यात हयातीच्या दाखल्याला येताना या चार गोष्टी आणा: आधार कार्ड, पासबुक, पेन्शनचा नंबर आणि मोबाईल.' खाली एक ओळ: 'कामगार पेन्शन असल्यास गेल्या वर्षीच्या दाखल्याची तारीख पाहा, वर्ष संपत आल्यावरच या.' ती फेरी होणारच होती. आम्हाला फक्त तिच्यावर चिठ्ठी लादायची होती.

चिठ्ठीशिवाय एक नियम माझ्यासाठी. बोट तीनदा नाकारले गेले की चौथ्यांदा टेकवायचे नाही, तिथल्या तिथे छापील फॉर्म. फॉर्मचा गठ्ठा माझ्या खणात.

साहेबांनी विचारले, "आणि हे एकदम सगळ्यांवर करणार? फसलं तर नोव्हेंबरात माझं डोकं फोडतील लोक."

याचे उत्तर सरकारनेच देऊन ठेवले होते. ऐंशीच्या पुढच्या पेन्शनरांना 2019 पासून 1 ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तेव्हा सप्टेंबरात चिठ्ठ्या वाटायच्या आणि ऑक्टोबरात फक्त या ज्येष्ठांवर प्रयोग करायचा. माणसे थोडी, महिना शांत. जे फसेल ते नोव्हेंबरपूर्वी दुरुस्त.

"आणि बंद केव्हा करायचा?"

"काय, साहेब?"

"प्रयोग. या बँकेत सुरू केलेली रजिस्टरं मी अजून भरतोय, कोणी कशाला सुरू केली ते माहीत नाही. बंद कधी करायचा ते लिहा."

मी लिहिले: चिठ्ठ्यांमुळे पासबुकाच्या यंत्रापुढे दहाहून जास्त माणसे साचली, किंवा ऑक्टोबरअखेर चिठ्ठीवाल्यांतही शंभरात पस्तीस परत जात असतील, तर प्रयोग बंद.

तिसरा परिच्छेद खर्चाचा. एका कागदात चार चिठ्ठ्या, 400 चिठ्ठ्यांना 100 कागद, म्हणजे रिमाचा पाचवा हिस्सा. मी लिहिले, 'खर्च नगण्य.' साहेबांनी 'नगण्य'खाली लाल रेघ मारली. "दप्तरी फुकट आहे का? तो चिठ्ठ्या वाटत असेल तेव्हा व्हाउचर कोण शिवणार?" दप्तरीही म्हणाला, "वाटप माझ्या ड्यूटीत नाही." शेवटी चहावर ठरले की, पहिले पाच दिवस सकाळी दोन तास तो यंत्रापाशी वाटप करील आणि व्हाउचर मी शिवीन. म्हणजे खर्च असा: कागद 100, दप्तरीचे दहा तास आणि माझ्या बोटांत दाभण. हे सगळे लिहिले तेव्हाच परिच्छेद पास झाला.

चौथा परिच्छेद फायद्याचा. पहिल्या मसुद्यात मी 'ग्राहकसेवेत क्रांती' असे लिहिले होते. आता लिहिले: 'परत जाणाऱ्यांचे प्रमाण निम्मे व्हावे. झाल्यास पाच दिवसांत काउंटरचे सुमारे तीन तास वाचतील.' साहेबांनी खालून वर वाचले, मग वरून खाली वाचले आणि कोपऱ्यात सही केली. शेरा एकच: 'पाहू.'

प्रयोगाचा पहिला दिवस चिठ्ठीनेच खाल्ला. एका कागदात चार बसवायच्या म्हणून अक्षर मुंगीएवढे केले होते. ऐंशी वर्षांचा माणूस ते वाचणार कसा? लोक चिठ्ठी हातात घेऊन माझ्याकडेच विचारायला येऊ लागले. दोन दिवसांनी चारच्या दोन केल्या, कागद 100 चे 200 झाले. दुसरी चूक शब्दाची. 'पीपीओ' म्हणजे काय हे निम्म्यांना माहीत नव्हते, तेव्हा ते पासबुकच दाखवत. तेव्हा ते मुख्याध्यापक पुन्हा कामी आले. त्यांनी चिठ्ठीवर पेन चालवले: 'पेन्शन मंजूर झाल्याचा जुना कागद, ट्रंकेत तळाशी असेल तो.' अशी व्याख्या कुठल्याही परिपत्रकात नाही, पण कागद सापडू लागले.

ऑक्टोबरात 38 ज्येष्ठ आले. चिठ्ठी मिळालेले 24, त्यांतले तिघे परत गेले. न मिळालेले 14, त्यांतले सहा परत गेले. मी नाचत केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणाले, "चोवीस माणसांवर हेड ऑफिसला पत्र लिहू नका. नोव्हेंबर होऊ द्या."

नोव्हेंबर 2024 च्या पहिल्या तारखेला लक्ष्मीपूजन आले. दिवाळी आटोपून 4 तारखेपासून पाच दिवस मी पुन्हा रेघा ओढल्या. 236 आले, 43 परत गेले. शंभरात अठरा. साहेबांनी लगेच शंका काढली, "गर्दी कमी झाली ती चिठ्ठीमुळे की दिवाळीमुळे? निम्मी पेठ मुलाकडे गेली असेल." शंका रास्त होती. किती आले याचे श्रेय मी म्हणूनच घेतले नाही. पण आलेल्यांपैकी किती परत गेले, हे दिवाळी ठरवत नाही. त्या 43 मध्ये कागद विसरलेले 19, मोबाईल विसरलेले 16 आणि कामगार पेन्शनवाले 6 होते. चिठ्ठी फक्त आठवण करते, विसरण्यावर तिचा इलाज नाही.

बोटांमुळे परत गेलेले फक्त दोन, तेही फॉर्म भरायचा सोडून "यंत्राला काय कळतं, मी उद्या पुन्हा येईन" म्हणून रागाने गेलेले. सतराचे दोन झाले, आणि त्यासाठी कागद, दप्तरी, दाभण, काहीच लागले नव्हते. फक्त फॉर्मचा गठ्ठा कपाटातून खणात आला होता. प्रपोजलमधली सगळ्यात स्वस्त ओळ तीच होती आणि ती लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी आजी आल्या. पिशवीतून त्यांनी आधार, पासबुक, ट्रंकेच्या तळचा पिवळा कागद आणि मोबाईल एकेक करून काउंटरवर मांडले, हळदीकुंकवाचे साहित्य मांडावे तसे. बोट तीनदा नाकारले गेले. मी खण उघडला, फॉर्म पुढे केला आणि म्हणालो, "इथे सही करा आजी, झालं."

आजींनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मग चिठ्ठी माझ्यापुढे सरकवून म्हणाल्या, "सगळं लिहिलंस रे बाळ, पण चष्मा आणा असं कुठं लिहिलंय?"

मी स्वतःचा चष्मा काढून दिला. सही झाली. 2025 च्या चिठ्ठीत पाच वस्तू आहेत.